किती वेढे? आधी कोरड्या आट्यांना विचार

अगं, टेप लावूनही तुझ्या न्हाणीघरातला नळ भिंतीपाशी पाझरतोच आहे. दुकानदार म्हणतो चार वेढे पुरे, प्लंबर म्हणतो पंधरा तरी हवेत. तू मला विचारलंस, यातलं खरं कुणाचं? दोघांचंही खरं आहे, पण दोघं वेगवेगळ्या नळांबद्दल बोलताहेत. वेढ्यांचा आकडा टेपच्या पाकिटावर सापडत नाही. नळाचे आटे आणि भिंतीतल्या एल्बोचे आटे यांच्यामध्ये किती जागा आहे, यावर तो ठरतो. ही जागा हाताने अजमावता आली की तुला कुणाला विचारावं लागणार नाही, म्हणून आज सगळं नीट सांगते.

पण त्याआधी पाणी नक्की कुठून येतंय ते बघून घे. फडक्याने नळ कोरडाठाक पूस आणि भिंतीला टेकलेली ती गोल चकती हलकेच पुढे ओढ. मग टिश्यूचा किंवा वर्तमानपत्राचा तुकडा एकेका जागी टेकवून बघत जा. तोटीच्या तोंडातून थेंब पडत असेल तर दोष आतल्या वायसरचा किंवा स्पिंडलचा आहे. मुठीखालून, म्हणजे आपण फिरवतो त्या भागाखालून पाणी येत असेल तर तिथलं पॅकिंग गेलंय. या दोन्ही ठिकाणी ही टेप उपयोगाची नाही. बेसिनखालच्या लवचिक कनेक्शन पाइपच्या नटातून गळत असेल तरीही नाही, कारण तो जोड आतल्या रबरी वायसरवर बसतो. त्याच्या आट्यांवर टेप चढवली तर नट पुरता बसत नाही आणि गळती उलट वाढते. कागद चकतीमागे, नळ भिंतीत शिरतो तिथे ओला झाला, तरच हे काम टेपचं. ही गळती अंगावर काढू नकोस हं. चकतीआड असल्यामुळे ती दिसत नाही, आणि पाणी प्लास्टरमध्ये मुरत राहतं. रंगाला फुगे आले, भिंतीमागच्या खोलीत ओल दिसली की मगच कळतं.

आता ही पांढरी टेप करते काय, ते समजून घे, कारण निम्मे घोटाळे इथेच होतात. आपण तिला टेप म्हणतो म्हणून ती चिकटवते असं वाटतं, पण तिला गोंद नसतोच. ती टेफ्लॉनची पातळ पट्टी असते आणि दोन कामं करते. गुळगुळीत असल्यामुळे आटे एकमेकांवर सहज सरकतात आणि नळ जास्त खोल, जास्त घट्ट बसतो. शिवाय आट्यांच्या फटीत ती दाबली जाते आणि पाण्याची वाट बुजवते. ती दाबली जायलाच हवी. म्हणून गळणाऱ्या जोडावर बाहेरून टेप गुंडाळून काही होत नाही. तिथे तिला दाबणारं कुणी नसतं, पाणी वेढ्यांखालून वाट काढतंच.

आपल्याकडे दुकानात साधारण 12 मिलिमीटर रुंद आणि 0.075 मिलिमीटर जाड टेप मिळते. ताणून गुंडाळली की ती आणखी पातळ होते. म्हणजे चार वेढ्यांनी आट्यांवर पाव मिलिमीटरच्या आसपासच थर चढतो. पाइपाचे बाहेरचे आटे टोकाकडे निमुळते कापलेले असतात, दर 16 मिलिमीटर लांबीला जाडीत 1 मिलिमीटर फरक. असा पाइप आत जाता जाता स्वतःच आवळत जातो, तिथे चार-पाच वेढे भरपूर झाले. दुकानदाराच्या मनात तो जोड आहे. पण न्हाणीघरातल्या बऱ्याच नळांचे आटे निमुळते नसतात, सरळ असतात, आणि भिंतीतल्या पितळी आट्यांच्या एल्बोचेही सरळच. सरळात सरळ कितीही फिरव, ते आपणहून आवळत नाहीत. मधली सगळी जागा टेपनेच भरावी लागते. प्लंबर दहा-पंधरा वेढे घेतो तो म्हणूनच, उगाच टेप वाया घालवत नाही तो.

तर आता कामाला लाग. आधी पाणी बंद कर. न्हाणीघराचा वेगळा कॉक असेल तर तो, नाहीतर गच्चीवरच्या टाकीचा. शेजाऱ्यांचंही पाणी त्याच कॉकवर असेल तर त्यांना आधी सांग. मग तोच नळ उघडून पाइपातलं उरलेलं पाणी बादलीत काढून टाक. थेंब थांबेपर्यंत थांब. नळ डावीकडे, घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवला की सुटतो. पान्याच्या दातांनी चकाकी ओरबाडली जाते, म्हणून मध्ये जाड फडकं घे. पाना भिंतीजवळ, नळाच्या अंगावर धर. तोटीला किंवा मुठीला धरून जोर लावायचा नाही, त्या जागा त्यासाठी नसतात. आणि फिरवताना भिंतीकडे लक्ष असू दे. नळाबरोबर आतला पाइपही हलतोय असं जाणवलं तर तिथेच थांब. जुना लोखंडी पाइप गंजलेला असेल तर तो भिंतीत तुटू शकतो, आणि मग भिंत फोडावी लागते. तसं काम माहीतगार प्लंबरकडेच दे.

नळ निघाला की दोन्हीकडचे आटे साफ कर. जुन्या टेपच्या धाग्यावर नवी टेप कधीच नीट बसत नाही. नळाच्या आट्यांतला कचरा सुईने किंवा जुन्या चाकूच्या टोकाने उचल, मग दात घासायच्या जुन्या ब्रशने घास. एल्बोच्या आतही ब्रश फिरव आणि बोटाला फडकं गुंडाळून पूस. आत ढकललेला टेपचा तुकडा पुढे तोटीच्या जाळीत जाऊन अडकतो आणि धार बारीक होते, म्हणून कचरा आत न लोटता बाहेर ओढायचा. मग उजेडात धरून आटे बघ. एखादा आटा चेपलेला किंवा तुटलेला असेल, किंवा एल्बोच्या कडेला बारीक चीर दिसत असेल, तर पुढचं काही करू नकोस. चीर टेपने भरत नाही. घट्ट केलं की ती वाढतेच.

सगळं साफ आणि कोरडं झालं की टेप हातात घेण्याआधी नळ तसाच, कोरडाच, हाताने एल्बोत बसवून बघ. माझं सगळं सांगणं या एका पायरीवर उभं आहे. किती फेऱ्या जातो ते मोज, आणि शेवटी तोटीला धरून हलकेच वर-खाली हलवून बघ. तीन-चार फेऱ्यांतच तो आवळला आणि पुढे जाईना, तर फट कमी आहे. चार ते सहा वेढ्यांनी सुरुवात कर. अखेरपर्यंत हाताने जातो, पण हलवला तर फारसा डुगडुगत नाही, असं असेल तर आठ-दहा वेढे. अखेरपर्यंत सैल जातो आणि हलवला की चक्क डुलतो, तर बारा ते पंधरा. आणि पंधरा वेढ्यांनंतरही हाताने सहज शेवटापर्यंत जात असेल, तर आटे झिजलेत किंवा दोन वस्तू एकमेकींच्या मापाच्याच नाहीत. तिथे टेप वाढवत बसू नकोस. त्याचं काय करायचं ते पुढे सांगते.

याच वेळी आणखी एक बघून ठेव, की तोटी शेवटी कुठे तोंड करते. हा जोड नुसता घट्ट होऊन भागत नाही, घट्ट होईल तेव्हा तोटी बरोबर खाली बघायला हवी. वेढ्यांचा आकडा नेमका हवा तो यासाठीही.

आता गुंडाळायचं कसं ते ऐक. नळाच्या आट्यांचं तोंड तुझ्याकडे कर आणि टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरव. दुसऱ्या तऱ्हेने सांगायचं तर नळ डाव्या हातात आडवा धर, आटे उजवीकडे, आणि टेप वरच्या बाजूने तुझ्यापासून पलीकडे जाऊ दे. ही दिशा चुकली की नळ आत फिरवताना एल्बो टेपचं टोक उचलतो, ती सुटते आणि भिंतीपाशी तिचा गोळा जमतो. तसा पांढरा गोळा बाहेर आलेला दिसला तर दिशा उलटी झालीय असं समज. मग वेढे कितीही असोत, गळणारच.

टोकाचा पहिला आटा उघडा सोड. तो उघडा असला की नळ एल्बोत सरळ धरतो आणि टेपची कड पाण्याच्या वाटेत येत नाही. दुसऱ्या आट्यापासून सुरू कर. पहिला वेढा अंगठ्याने दाबून धर आणि दुसरा त्याच्यावरच घे, म्हणजे टोक पक्कं बसतं. पुढे टेप ताणून ओढत राहा, इतकी की वेढ्यांखालून आट्यांच्या रेघा उमटलेल्या दिसाव्यात. सैल, फुगीर गुंडाळलेले दहा वेढे ताणलेल्या सहाइतकंही काम करत नाहीत, नळ आत जाताना ते नुसते मागे सरकतात. अर्ध्या इंचाच्या नळाचे आटे फार लांब नसतात आणि टेप 12 मिलिमीटर रुंद, त्यामुळे ती जवळजवळ सगळे आटे एका वेढ्यातच झाकते. किंचित मागे, किंचित पुढे करत थर सगळीकडे सारखा ठेव. नळाच्या अंगाकडे एखाद-दोन वेढे जास्त पडले तर चांगलंच, म्हणजे तू हातानेच थोडा निमुळतेपणा दिलास. शेवटी टेप कापायची नाही, झटका देऊन ओढून तोड. टोक आपोआप पातळ होतं. ते फिरवायच्या दिशेनेच बोटाने चोळून बसव.

टेप किती लागेल याचा हिशोबही सोपा आहे. अर्ध्या इंचाच्या नळाच्या आट्यांचा घेर साडेसहा सेंटिमीटर धर. दहा वेढ्यांना साठ-पासष्ट सेंटिमीटर, पंधराला जवळजवळ एक मीटर. दहा मीटरच्या गुंडाळीत दहा-पंधरा नळ सहज होतात, तेव्हा नव्याने गुंडाळावी लागली तर जीव खाली-वर करू नकोस.

आता नळ बसव. पहिल्या फेऱ्या हातानेच द्यायच्या. तो तिरका शिरतोय असं वाटलं तर लगेच बाहेर काढ. तिरका नळ पान्याने रेटला की पितळेचे आटे कायमचे बिघडतात. हाताने जाईनासा झाला की फडकं लावून पाना घे. हाताच्या जोरानंतर पान्याने साधारण एक ते दीड फेरी मिळायला हवी, आणि शेवटची अर्धी फेरी चांगली जड लागायला हवी. जड पण सलग. कटकट आवाज आला किंवा जोर अचानक कमी झाला तर काहीतरी तुटलंय. एल्बोचे आटे पितळेऐवजी नुसत्या प्लास्टिकचे असतील तर हात आणखी हलका ठेव. प्लास्टिक जास्त वेढ्यांनी आणि जास्त जोराने फाकतं, आणि ती चीर भिंतीत असल्यामुळे आपल्याला दिसतही नाही.

आणि एक नियम मनात पक्का धर. घट्ट करताना तोटी खालच्या बिंदूच्या थोडी पुढे गेली, तर ती मागे फिरवून सरळ करायची नाही. दाबली गेलेली टेप परत फुगत नाही. पाव फेरी मागे घेतलीस की दाबलेल्या टेपमध्ये फट राहते आणि त्या फटीतून पाणी येतं. अशा वेळी दोनच मार्ग. जोर पुरत असेल तर पूर्ण फेरी पुढे नेऊन परत खाली आणायची, नाहीतर नळ काढून सगळी टेप खरवडून नव्याने गुंडाळायची. उतरवलेल्या आट्यांवर तीच टेप परत चालत नाही.

तुझ्याच नळाचं उदाहरण घेऊन बघू. भिंतीत प्लास्टिकचा पाइप, त्याला पितळी आट्यांचा एल्बो, अर्ध्या इंचाचा साधा नळ. कोरडा बसवलास तेव्हा समज सहा फेऱ्या हातानेच गेला आणि शेवटी थोडा हलला, पण फार नाही. म्हणजे हा मधल्या गटातला, दहा वेढ्यांनी सुरू कर. आता हाताने तो तीन-साडेतीन फेऱ्यांवर अडतो. पाना लावलास, एक फेरी गेली, जोर वाढला, पुढच्या अर्ध्या फेरीला चांगलाच जड झाला आणि तोटी खाली आली. इथे थांबायचं. हाच बरोबर आकडा.

पण पान्याची दीड फेरी झाली, तोटी खाली आली, आणि हाताला अजून मऊच लागतंय, असं झालं तर टेप कमी पडलीय. आणखी एक पूर्ण फेरी जाते का बघ. ती जाऊनही सैलच असेल तर नळ काढ, आटे साफ कर आणि बारा वेढे घे. उलट झालं, म्हणजे तोटी उजवीकडे आडवी असतानाच नळ इतका जड झाला की रेटवेना, तर टेप जास्त झालीय. काढ आणि आठ घे. एकावेळी दोन वेढ्यांचाच फरक करायचा. एकदम दहावरून पंधरावर उडी मारलीस तर नेमकं कुठे बसत होतं ते कळतच नाही. आणि जड झाल्यावर तोटी खाली यायलाच हवी म्हणून अंगाने लोंबकळू नकोस. तो सगळा जोर भिंतीतल्या पाइपावर जातो.

पाणी सोडतानाही घाई नको. नळ उघडा ठेवून वरचा कॉक हळूहळू उघड, म्हणजे पाइपातली हवा फुसफुसत निघून जाते आणि जोडाला धक्का बसत नाही. धार सरळ झाली की नळ बंद कर. नळ बंद असतानाच जोडावर पूर्ण दाब येतो, म्हणून तपासणी तेव्हाच करायची. चकती अजून मागे ढकलू नकोस. जोड कोरडा पुसून त्याच्याभोवती टिश्यूचं कडं कर आणि अर्धा तास तसंच राहू दे. कागद कोरडा राहिला तर नवा कागद लावून रात्रभर ठेव. रात्री बाकीचे नळ बंद असतात, पाइपातला दाब वाढतो, आणि दिवसा न दिसणारा पाझर तेव्हा उमटतो. सकाळी कागद कोरडा असेल तरच चकती भिंतीला लाव. एक टिकलीएवढा डागही पडला असेल तर ‘बसेल हळूहळू’ म्हणून सोडू नकोस. टेप स्वतःहून बसत नाही, दोन वेढे वाढवून पुन्हा कर.

आता टेपच्या हाताबाहेरच्या गोष्टी. पंधरा वेढ्यांनीही नळ डुलत असेल तर आधी दुसरा एखादा अर्ध्या इंचाचा नळ त्याच एल्बोत कोरडा बसवून बघ. तो नीट बसला तर दोष तुझ्या नळाच्या आट्यांत आहे, नळ बदल. तोही डुलला तर एल्बो झिजलाय. जुने कारागीर अशा जागी आट्यांवर सूत गुंडाळून सफेदा लावत. सुताचा थर टेपपेक्षा जाड बसतो आणि थोड्या खराब आट्यांनाही धरून ठेवतो. पण ते हात बसलेल्या माणसाचं काम आहे, तू प्लंबरला बोलाव. नळाचे आटे टाइल्समुळे एल्बोपर्यंत पोचतच नसतील, जेमतेम दोन-तीनच फेऱ्या धरत असतील, तर मध्ये पितळी एक्स्टेंशन निपल घालायचं. त्याच्या दोन्ही जोडांवर वेगवेगळी कोरडी तपासणी कर, दोन्हीकडचा आकडा सारखाच येईल असं नाही. आणि जोड कोरडा राहूनही भिंत ओलीच होत असेल तर पाणी एल्बोच्या मागून येतंय. तिथे नळ कितीही आवळला तरी फरक पडायचा नाही.

एक ताकीद मात्र मोठी बहीण म्हणून देते. हीच टेप स्वयंपाकाच्या गॅसच्या शेगडीला, नळीला किंवा रेग्युलेटरला लावायच्या भानगडीत पडू नकोस. वास आला तर रेग्युलेटर बंद कर, खिडक्या उघड, दिव्याचं बटण दाबू नकोस आणि गॅसवाल्यालाच बोलाव.

आणि काम झालं की ज्या आकड्यावर तुझा नळ कोरडा राहिला, तो टेपच्या गुंडाळीच्या आतल्या बाजूला पेनने लिहून ठेव, ‘न्हाणीघर, 10’ असा. तुझ्या फ्लॅटमधले एल्बो बहुतेक एकाच वेळी, एकाच मालातले बसवलेले असणार. त्यामुळे पुढचा नळ त्याच आकड्यापासून सुरू करता येईल. फक्त नळ नव्या कंपनीचा आणलास तर कोरडा बसवून बघणं चुकवू नकोस.